उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या

भोईवाड्यात राहून परळ-नायगाव-लालबागच्या मुलांना अकरावी-बारावीचं गणित शिकवण्याच्या कामातून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. इनव्हर्स फंक्शनचा इंटिग्रल आधी चित्रातून शिकवावा, सूत्र मागाहून येऊ द्यावं. या क्रमाने गेलं की सूत्र आपोआप हाती लागतं. सूत्रापासून सुरुवात केली तर चित्र बहुतेक वेळा कधीच येत नाही, आणि ज्या ठिकाणी सूत्र दगा देतं त्या ठिकाणी मुलाजवळ सावरायला काही उरत नाही. प्रश्न मुळात साधा आहे. एखाद्या फंक्शनचा इंटिग्रल आपल्याला काढता येतो, पण त्याचा इनव्हर्स लिहूनसुद्धा काढता येत नाही. अशा वेळी इनव्हर्सचा इंटिग्रल काढता येईल का? येतो, आणि इनव्हर्स न शोधताच येतो. तो का येतो हे पटवण्याची सगळ्यात प्रामाणिक जागा म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, असं माझं म्हणणं आहे.

f(x) = x³ + x हे फंक्शन घ्या. x ची किंमत 1 पासून 2 पर्यंत वाढते तेव्हा f ची किंमत 2 पासून 10 पर्यंत चढते आणि वाटेत कुठेही खाली येत नाही. आता विचारलं आहे की y = 2 ते y = 10 या लिमिट्समध्ये f⁻¹(y) चा इंटिग्रल किती. वर्गातला मेहनती मुलगा y = x³ + x या समीकरणातून x सोडवायला बसतो. हे घनसमीकरण आहे. कार्डानोच्या सूत्राने ते सुटतं, पण उत्तरात दोन घनमुळं, त्यांच्या पोटात वर्गमुळं, असा प्रकार येतो, आणि त्याचा इंटिग्रल घ्यायचा म्हटलं की वहीची पानंच्या पानं जातात. आता हेच कागदावर काढून पाहा. (1, 2) पासून (2, 10) पर्यंत चढत जाणारी वक्ररेषा काढा. तिच्यापासून खाली, x-अक्षापर्यंत, उभ्या पट्ट्या पाडा. त्या सगळ्या पट्ट्यांचं क्षेत्रफळ म्हणजे f चा 1 ते 2 मधला इंटिग्रल, x⁴/4 + x²/2 मध्ये लिमिट्स घालून 15/4 + 3/2, म्हणजे 5.25. आता त्याच वक्ररेषेपासून डावीकडे, y-अक्षापर्यंत, आडव्या पट्ट्या पाडा. y या उंचीवरच्या पट्टीची लांबी म्हणजे त्या उंचीला वक्ररेषेवर असलेला x, म्हणजेच f⁻¹(y). या आडव्या पट्ट्यांची बेरीज हाच आपल्याला हवा असलेला इंटिग्रल. उभ्या पट्ट्यांचा भाग आणि आडव्या पट्ट्यांचा भाग वक्ररेषेवर एकमेकांना टेकतात, पण एकमेकांवर चढत नाहीत. दोन्ही मिळून काय भरतं ते बघा: 2 रुंद आणि 10 उंच असा मोठा आयत, त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला 1 रुंद आणि 2 उंच असा छोटा आयत वगळून. 20 वजा 2 म्हणजे 18, आणि 18 वजा 5.25 म्हणजे 12.75. झालं.

उत्तर बरोबर आहे का, हेही त्याच चित्रात तपासता येतं, आणि ही सवय मला उत्तराइतकीच मोलाची वाटते. आडव्या पट्ट्या 2 ते 10 अशा एकूण 8 उंचीत आहेत आणि प्रत्येकीची लांबी 1 आणि 2 च्या दरम्यान आहे. म्हणून बेरीज 8 आणि 16 च्या दरम्यानच असली पाहिजे. वक्ररेषा तिच्या दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या खाली आणि उजवीकडे झुकलेली आहे, त्यामुळे पट्ट्या सरळ रेषेपर्यंतच्या पट्ट्यांपेक्षा जरा लांब आहेत. सरळ रेषा धरली तर उत्तर 12 आलं असतं, तेव्हा खरं उत्तर 12 पेक्षा थोडं जास्त हवं. 12.75 तिथे बसतं.

आता अक्षरं घालू. f हे a पासून b पर्यंत चढत जाणारं सलग फंक्शन असेल, तर f चा a ते b मधला इंटिग्रल अधिक f⁻¹ चा f(a) ते f(b) मधला इंटिग्रल बरोबर b·f(b) − a·f(a). मोठा आयत वजा छोटा आयत, एवढंच त्याचं वाचन. मुलांचा घोटाळा बहुधा इथे दोन ठिकाणी होतो. पहिला, पुस्तकं आणि पेपर हा इंटिग्रल f⁻¹(x) dx असा छापतात. आतलं अक्षर x दिसलं की मुलं लिमिट्सही x-अक्षावरच्या समजतात आणि 2 ते 10 च्या जागी 1 ते 2 घालून मोकळी होतात. दुसरा घोटाळा आपण शिक्षकच पेरतो. इनव्हर्सचा आलेख म्हणजे y = x या रेषेतलं प्रतिबिंब, असं अकरावीत ठसवलेलं असतं. ते खरंच आहे, पण इथे ते प्रतिबिंब काढलं की कागदावर दोन वक्ररेषा होतात, दोन छायांकित भाग वेगवेगळ्या जागी जातात, आणि ते एकमेकांना टेकलेले आहेत ही मूळ गोष्टच दिसेनाशी होते. म्हणून प्रतिबिंब काढूच नये. वक्ररेषा एकच ठेवावी आणि मान वळवून y-अक्षाकडून तिच्याकडे बघावं. लिमिट्स मग चुकत नाहीत, कारण आडव्या पट्ट्या y-अक्षावर कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते डोळ्यांसमोरच असतं.

यावर गणिताच्या जाणकाराचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे तर इंटिग्रेशन बाय पार्ट्सच झालं, त्यात नवीन काय? आक्षेप वजनदार आहे. f⁻¹(y) च्या इंटिग्रलमध्ये y = f(t) घातलं की तो t·f′(t) चा इंटिग्रल होतो, आणि बाय पार्ट्स लावलं की t·f(t) वजा f चा इंटिग्रल, म्हणजे आपलंच सूत्र. बारावीला log x किंवा sin⁻¹x चा इंटिग्रल शिकवताना आपण सोबतीला 1 घेऊन बाय पार्ट्स करतो, तेव्हाही नकळत हेच करत असतो. हर्बर्ट कसुबे यांनी 1983 साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त मांडलेला ‘लिएट’चा क्रम आज क्लासच्या प्रत्येक फळ्यावर आहे. त्यात लॉग आणि इनव्हर्स पहिल्या दोन जागांवर येतात. मुलं तो क्रम घोकतात, पण तिथे 1 चा इंटिग्रल का घेतला, हे त्यांना कोडंच राहतं. चित्रात ते कोडं उरत नाही. 1 ते e मधला log x चा इंटिग्रल म्हणजे e रुंद आणि 1 उंच आयतातून eʸ चा 0 ते 1 मधला आडवा भाग काढून टाकायचा, म्हणजे e − (e − 1), उत्तर 1.

पण माझं उत्तर एवढ्यावर थांबत नाही. बाय पार्ट्सच्या वाटेने जायचं तर f ला डेरिव्हेटिव्ह असावा लागतो. चित्राला त्याची गरजच नाही. f सलग असावं आणि चढतं असावं, एवढं पुरतं. हा नुसता डोळ्यांचा भास नाही, हे दाखवायला शाळेतलं बीजगणित पुरेसं आहे. a ते b चे तुकडे करा, तुकड्यांच्या टोकांना x₀, x₁, x₂ अशी नावं द्या आणि त्या त्या जागी f च्या किमतींना y₀, y₁, y₂. एका तुकड्यावर x₁y₁ − x₀y₀ ही वजाबाकी y₀(x₁ − x₀) + x₁(y₁ − y₀) अशी फोडता येते. गुणाकार करून पाहिलं तर x₁y₀ हे पद दोन्हीकडून कटतं. यातलं पहिलं पद म्हणजे वक्ररेषेखालची उभी पट्टी, थोडी कमी मापाची. दुसरं पद म्हणजे डावीकडची आडवी पट्टी, थोडी जास्त मापाची. एकीने जे कमी धरलं ते दुसरीने नेमकं जास्त धरलं आहे. सगळे तुकडे जोडले की डावीकडची मधली पदं एकमेकांना खातात आणि शेवटचा गुणाकार वजा पहिला गुणाकार तेवढा शिल्लक राहतो. म्हणजे मोठा आयत वजा छोटा आयत हे समीकरण प्रत्येक पायरीला तंतोतंत खरं आहे. तुकडे बारीक करत नेले की दोन्ही बेरजा आपापल्या इंटिग्रलवर जाऊन पोचतात. इथे डेरिव्हेटिव्हचं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही. फ्रेंच गणिती लेझां यांनी इनव्हर्सच्या इंटिग्रलवर 1905 साली लेख प्रसिद्ध केला. सूत्र तेव्हापासून छापील आहे, पण आपल्या वर्गांत ते अजून बाय पार्ट्सचं पोटभाडेकरू म्हणूनच राहतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप चित्रावरच आहे. वक्ररेषा उतरती असेल तर? तेव्हा दोन भाग शेजारी-शेजारी न बसता एकमेकांवर चढतात, मग आयताची गोष्ट मोडली नाही का? गोष्ट बदलते, मोडत नाही. f(x) = 1/(1 + x²) घ्या, x = 0 ते 1. उंची 1 पासून 1/2 पर्यंत उतरते. इनव्हर्स लिहिला तर √((1 − y)/y) येतो, आणि y = 1/2 ते 1 मधला त्याचा इंटिग्रल काढायला मुलांना y = sin²θ घालायला शिकवलेलं असतं. चित्रात बघा. आडव्या पट्ट्या y = 1/2 पासून वर आहेत, त्यांच्या उजव्या टोकाला वक्ररेषा आहे. हा एक वाकड्या बाजूचा त्रिकोण झाला. हाच त्रिकोण उभ्या पट्ट्यांनी मोजायचा तर वक्ररेषेखालचं सगळं क्षेत्रफळ, म्हणजे tan⁻¹1 = π/4, त्यातून खालची 1 रुंद आणि 1/2 उंच आयताकृती बैठक वजा करायची. उत्तर π/4 − 1/2, सुमारे 0.285. उतरत्या वक्ररेषेत दोन भागांची बेरीज होत नाही, तर एकच भाग दोन बाजूंनी मोजला जातो. सूत्राचं काय होतं म्हणाल, तर f(a) ते f(b) ही लिमिट्स आता वरून खाली जातात, इंटिग्रलचं चिन्ह उलटतं, आणि तेच सूत्र जसंच्या तसं लागू पडतं. पण चिन्ह का उलटलं हे ज्याने चित्र काढलं त्यालाच कळतं. नुसतं सूत्र पाठ केलेला मुलगा इथे उत्तराला वजा लावून येतो आणि सगळ्या पट्ट्या y-अक्षाच्या उजवीकडे असताना क्षेत्रफळ ऋण कसं, हा प्रश्न त्याला पडत नाही.

याच धाग्याने सूत्राच्या हद्दीकडे येतो, कारण खरी चूक तिथे होते आणि ती सहज लपते. f(x) = x³ − 3x, x = 0 ते 2. f(0) = 0 आणि f(2) = 2. घाईत सूत्र लावलं तर 2·2 − 0, म्हणजे 4, त्यातून f चा 0 ते 2 मधला इंटिग्रल वजा करायचा. तो इंटिग्रल 4 − 6 = −2 आहे, म्हणून उत्तर 6. आकडेमोडीत एकही चूक नाही, आणि उत्तर साफ चुकीचं आहे. कसं ओळखायचं? 0 ते 2 या उंचीतल्या आडव्या पट्ट्यांची लांबी कुठेही 2 पेक्षा जास्त नाही. 2 उंच आणि जास्तीत जास्त 2 लांब अशा भागाचं क्षेत्रफळ 4 च्या वर जाऊच शकत नाही, मग 6 आलं कुठून? आलेख काढला की दिसतं. ही वक्ररेषा आधी x = 1 पर्यंत −2 पर्यंत खाली बुडी मारते, मग वर येऊन √3 पाशी x-अक्ष ओलांडते आणि 2 पर्यंत चढते. 0 ते 2 या सगळ्या पट्ट्यावर हे फंक्शन एकास-एक नाही, म्हणून त्याला इनव्हर्सच नाही. इनव्हर्स हवा असेल तर √3 ते 2 हीच चढती फांदी घ्यावी लागेल. तिच्यासाठी मोठा आयत 4, छोटा आयत 0, आणि f चा √3 ते 2 मधला इंटिग्रल −2 + 2.25, म्हणजे 0.25. उत्तर 3.75, जे 4 च्या आत बसतं. सूत्राला फक्त दोन टोकं दिसतात, मधली बुडी दिसत नाही. ती बघण्याचं काम आलेखाचं आहे, आणि म्हणून सूत्र लावण्याआधी फंक्शन त्या पट्ट्यात सतत चढतं की सतत उतरतं, हे f′ चं चिन्ह बघून ठरवलंच पाहिजे. x³ + x मध्ये f′ = 3x² + 1, नेहमी धन, म्हणून तिथे निर्धास्त होतो. x³ − 3x मध्ये f′ = 3x² − 3, जे 1 पाशी चिन्ह बदलतं, आणि धोक्याची घंटा तिथेच वाजायला हवी.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. आमच्या भागातल्या मुलांसाठी तो हलका नाही. माटुंग्याचं व्हीजेटीआय किंवा आयसीटी इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तिथला प्रवेश सीईटीच्या गुणांवर ठरतो. गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटं. आलेख काढत बसायला वेळ कुठे? शिवाय बोर्डाच्या पेपरात चित्र काढून उत्तर लिहिलं तर पायऱ्यांचे गुण कोण देणार? दुसऱ्या शंकेचं उत्तर सोपं आहे: चित्र कच्च्या कामात काढावं आणि उत्तरपत्रिकेत y = f(t) घालून बाय पार्ट्सच्या दोन ओळी लिहाव्यात. परीक्षकाला हव्या त्या पायऱ्या मिळतात. पहिल्या शंकेला मी आकड्यांनीच उत्तर देईन. (1 − x⁵) चं घनमूळ वजा (1 − x³) चं पाचवं मूळ, याचा 0 ते 1 मधला इंटिग्रल विचारला तर काय कराल? यातल्या एकाचाही इंटिग्रल बारावीच्या कुठल्या रीतीने निघत नाही. पण पहिलं फंक्शन (0, 1) पासून (1, 0) पर्यंत उतरतं आणि दुसरं त्याचा इनव्हर्स आहे. दोन्ही इंटिग्रल म्हणजे एकाच कोपऱ्यातलं क्षेत्रफळ, एकदा उभं मोजलेलं, एकदा आडवं. वजाबाकी शून्य. चित्र डोक्यात असलेल्या मुलाला याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि नसलेला मुलगा हा प्रश्न सोडून पुढे जातो.

तरीही कोणी म्हणेल की ही सगळी परीक्षेतल्या कोड्यांची गंमत आहे, खऱ्या कामात इनव्हर्सचा इंटिग्रल कोण मागतो? भोईवाड्यात उभं राहून हे म्हणता येऊ नये. चहूबाजूंना केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं आहेत आणि सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे रांग असते. समजा आठ वाजता 180 माणसं रांगेत आहेत, नवीन कोणी येत नाही, आणि t तासांत N(t) = 30t + 10t² माणसांचं काम होतं. कामाचा वेग हळूहळू वाढतो, आणि तीन तासांत 90 + 90, म्हणजे 180 माणसं मोकळी होतात. हे आकडे मी हिशोब नीट बसावा म्हणून घेतले आहेत. सगळ्यांनी मिळून किती तास वाट पाहिली? n व्या माणसाने जेवढा वेळ वाट पाहिली तो म्हणजे N चा इनव्हर्स, T(n). तो काढायचा तर वर्गसमीकरण सोडवून T(n) = (√(900 + 40n) − 30)/20 मिळतो, आणि त्याचा 0 ते 180 इंटिग्रल घ्यावा लागतो. आयताच्या वाटेने हे असं होतं: 3 × 180 = 540, त्यातून N चा 0 ते 3 मधला इंटिग्रल, 135 + 90 = 225, वजा करा. 315 माणूस-तास, सरासरी पावणेदोन तास प्रत्येकी. वर्गमुळाच्या वाटेने गेलं तरी (11700 − 5400)/20, म्हणजे 315 च येतं.

इथे आयतातून वजा केल्यावर जे उरतं, ते नीट वाचलं पाहिजे. 540 − 225 हे 180 − N(t) या फंक्शनचं 0 ते 3 मधलं क्षेत्रफळ आहे, आणि 180 − N(t) म्हणजे त्या क्षणाला रांगेत अजून उभी असलेली माणसं. म्हणजे आडवी पट्टी एका माणसाचा वेळ मोजते, उभी पट्टी एका क्षणाची गर्दी मोजते, आणि दोन्ही बेरजा एकच आहेत. खिडकीवर बसलेल्याने प्रत्येकाचा वेळ टिपून ठेवायची गरज नाही. दर थोड्या वेळाने रांगेतली डोकी मोजली तरी एकूण वाट पाहण्याचा हिशोब लागतो. माणसं दिवसभर येत राहिली तर येणाऱ्यांची एक आणि मोकळ्या होणाऱ्यांची दुसरी अशा दोन वक्ररेषा काढाव्या लागतात, आणि त्यांच्यामधलं क्षेत्रफळ तसंच दोन्ही बाजूंनी वाचता येतं. पण मधेच कंटाळून निघून गेलेल्यांची नोंद वेगळी ठेवली नाही, तर येणाऱ्यांची वक्ररेषा आणि मोकळ्या होणाऱ्यांची वक्ररेषा वर जाऊन मिळत नाहीत, आणि हिशोबात न संपणारी रांग दिसू लागते.

खऱ्या रांगेत माणसं पूर्णांकात असतात. N(t) ची वक्ररेषा गुळगुळीत नसून जिन्यासारखी आहे: बराच वेळ सपाट, मग एकदम एक पायरी वर. पायरीवर डेरिव्हेटिव्ह शून्य आणि उडीच्या जागी तो नाहीच, म्हणून पुस्तकातलं बाय पार्ट्स इथे हातात धरूनही उपयोगाचं नाही. पायऱ्यांचं समीकरण मात्र तंतोतंत लागतं. तीन माणसांची कामं 10, 15 आणि 35 मिनिटांनी झाली असं धरा. माणसामागे मोजलं तर 10 + 15 + 35, म्हणजे 60 मिनिटं. वेळेमागे मोजलं तर पहिली 10 मिनिटं तिघं उभी, म्हणजे 30; पुढची 5 मिनिटं दोघं, म्हणजे 10; शेवटची 20 मिनिटं एकजण, म्हणजे 20. बेरीज 60.